खारीचा वाटा, खारीएवढाच

सेतू बांधताना खारीने काय केलं, तर पाण्यात भिजली, वाळूत लोळली आणि दगडांवर येऊन अंग झटकलं. पुढे ही खार भाषणांत शिरली आणि ज्यांनी अर्धा सेतू बांधला तीही माणसं विनयाने ‘माझा आपला खारीचा वाटा’ म्हणू लागली. बीएस्सीच्या मुलामुलींच्या सीव्हीत याच्या बरोबर उलटं घडतं. वाळू खरोखरच अंगाला चिकटली होती तेवढी असते, आणि कागदावर मात्र नल आणि नीलच अवतरतात.

यात लबाडी फार कमी असते. बहुतेकांना आपलं काम किती होतं हे मनातून ठाऊक असतं, ते कोणत्या शब्दांत सांगायचं हे ठाऊक नसतं. म्हणून शेजारच्याच्या सीव्हीतले शब्द उचलले जातात, त्याने त्याच्या सीनियरचे उचललेले असतात.

एक नमुना घेऊ. समजा साताऱ्याकडच्या एका कॉलेजात झूलॉजी घेऊन दुसरं वर्ष संपवलेली मुलगी आहे. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन अकादम्या मिळून जी उन्हाळी फेलोशिप देतात, तसल्या एखाद्या योजनेतून ती आठ आठवड्यांसाठी पुण्यातल्या एका फळमाशीच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे पीएचडी करणाऱ्या एका दादाच्या हाताखाली तिला बसवलं. त्याचा प्रकल्प तीन वर्षं चालू होता. प्रश्न असा, की अमुक एक जनुक दाबून टाकलं तर पंखाच्या पेशींचं विभाजन मंदावतं का?

काम कसं चालतं ते थोडं बघावं लागेल, कारण प्रामाणिक वर्णन या तपशिलातूनच निघतं. माशीची अळी पूर्ण वाढली की तिच्या अंगात पुढे पंख होणारी पेशींची चपटी पिशवी तयार असते. तिला विंग डिस्क म्हणतात, आणि प्रत्येक अळीत अशा दोन असतात, डाव्या पंखाची एक आणि उजव्याची एक. अळी मिठाच्या बफरमध्ये दोन चिमट्यांनी उलटी करायची, मोज्यासारखी, आणि आतल्या कातडीला चिकटलेल्या डिस्क दिसल्या की बाकीचं आतडं-चरबी काढून टाकायची. मग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये वीसेक मिनिटं ठेवून पेशी आहेत तशा पक्क्या करायच्या, धुवायच्या, आणि रात्रभर ४ अंशांवर अँटिबॉडीत ठेवायच्या. ही अँटिबॉडी विभाजन पावणाऱ्या पेशींच्याच गुणसूत्रांना चिकटते. दुसऱ्या दिवशी चमकणारी दुसरी अँटिबॉडी, पुन्हा धुणं, मग काचपट्टी आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोप. पडद्यावर काळ्या डिस्कवर चांदण्यासारखे ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे विभाजनाच्या ऐन घटकेत असलेली एक पेशी.

आता यातलं तिने काय केलं? पहिले दोन आठवडे माश्यांच्या बाटल्या बदलल्या आणि अळ्या उलट्या करायला शिकली. या काळातल्या जवळजवळ सगळ्या डिस्क फाटल्या किंवा धुताना पिपेटमधून ओढल्या गेल्या. डिस्क पारदर्शक असते आणि हलकी, नजर चुकली की पाण्याबरोबर गेली. तिसऱ्या आठवड्यापासून तिने काढलेल्या डिस्क वापरण्याजोग्या झाल्या. रंगवण्याचं काम दादाने केलं, ती शेजारी उभी होती. कॉन्फोकलवर नवख्यांना बसू देत नाहीत, त्यामुळे चित्रंही त्यानेच काढली. शेवटचे चार आठवडे तिने ती चित्रं फिजी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ठिपके मोजले. तीन गट, प्रत्येकी २० डिस्क, एकूण ६०. घडी पडलेल्या आणि कडा फाटलेल्या ६ सोडून ५४ मोजल्या. आकडे तिने तक्त्यात भरले, आलेख आणि सांख्यिकी दादाने केली.

आणि सीव्हीत ओळ आली ती अशी: ‘पंखाच्या वाढीत जनुकाची भूमिका काय याचं संशोधन केलं. तंत्रं: इम्युनोस्टेनिंग, कॉन्फोकल मायक्रोस्कोपी, सांख्यिकी विश्लेषण.’

या ओळीतला एकही शब्द सरळ खोटा नाही, हीच तिची अडचण आहे. संशोधन झालं, ती तिथे होती, ही तंत्रं वापरली गेली. फक्त क्रियापदाचा कर्ता गुपचूप बदलला आहे. इंग्रजीत सीव्ही लिहिताना तर कर्ता लिहायचीच पद्धत नाही. ओळ ‘डिझाइन्ड’, ‘लेड’, ‘इन्व्हेस्टिगेटेड’ अशा शब्दाने सुरू होते, आणि कर्ता कोण हे वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. अहवालात कर्मणी प्रयोग असतो, ‘डिस्क रंगवण्यात आल्या’ अशा थाटाचा. तिथून वाक्य उचलून सीव्हीत टाकलं की कोणी रंगवल्या हा प्रश्न पुसला जातो आणि उत्तर आपोआप अर्जदाराच्या खात्यावर जमा होतं.

यावर एक साधा उपाय मराठीतच पडून आहे. अर्ज इंग्रजीत लिहिण्याआधी तेच काम घरी सांगतो तसं तोंडी सांगून बघायचं. आपल्याकडे क्रियापदाला जी शेपटी लागते ती फारसं खोटं बोलू देत नाही. ‘रंगवताना बघितलं.’ ‘डिस्क काढायला शिकले.’ ‘बाटल्या बदलू लागले’, म्हणजे आईला भाजी निवडू लागावं तसं, हाताशी. ‘ठिपके मोजून दिले.’ ‘कसं मोजायचं ते ठरवलं.’ मोजून दिले म्हटलं की मोजणारी ती, पण गरज दुसऱ्याची, हे दोन अक्षरांत आलं. इंग्रजीत या शेपट्या नाहीत, म्हणून तिथे तोच अर्थ वेगळे शब्द घालून भरून काढावा लागतो: कोणाच्या प्रकल्पात, कोणाच्या आखणीनुसार, किती नग. आजीला जे वाक्य सांगताना जीभ अडखळते, ते निवड समितीला लिहितानाही अडखळायला हवं.

असं तोंडी सांगितल्यावर उरतं काय? ‘डिस्क काढून दिल्या आणि ठिपके मोजून दिले.’ इथे दुसरी चूक होते, आणि ती मला पहिलीहून जास्त खटकते. मुलगी म्हणते, मी नुसतं मोजलं. या ‘नुसतं’ने सगळी माती होते. कारण मोजणीत निर्णय असतात, आणि प्रकल्पात तिचं स्वतःचं असं जे काही होतं ते त्या निर्णयांतच होतं.

मोजणीच्या पहिल्याच आठवड्यात काय बिघडू शकतं ते बघा. फिजीला ठिपके आपोआप मोजायला सांगता येतात. अमुक उजेडाच्या वरचं सगळं ठिपका धर, असं म्हणायचं आणि `Analyze Particles` चालवायचं. तिने पहिली १५ चित्रं अशी मोजली. आकडे भराभर आले आणि विचित्र आले: एकाच दिवशी रंगवलेल्या डिस्कचे आकडे एकमेकांशी जुळत होते, पण दुसऱ्या दिवशी रंगवलेल्यांचे सरसकट जास्त. कारण असं, की आपोआप सीमा ठरवायला सांगितलं तर सॉफ्टवेअर प्रत्येक चित्रासाठी उजेडाची सीमा वेगळी काढतं. रंग फिका बसलेल्या चित्रात ते सीमा खाली आणतं आणि पार्श्वभूमीचा धूरही ठिपक्यांत धरतं. दुसरी भानगड म्हणजे डिस्कला जाडी असते. वरपासून खालपर्यंतचे थर एकावर एक चेपून एकच चित्र केलं, की वरच्या थरातला ठिपका आणि त्याच्या बरोबर खालचा ठिपका मिळून एक दिसतात. चिकटलेले ठिपके तोडायला `Watershed` नावाची सोय आहे, पण ती एका पेशीचेही दोन तुकडे करते.

एका पेशीचे दोन तुकडे, ही गोष्ट इथे क्षुल्लक नाही. विभाजनाच्या एका टप्प्यावर गुणसूत्रांचे दोन गट एकमेकांपासून दूर सरकत असतात, पडद्यावर दोन समांतर रेघा दिसतात. पेशी अजून एकच आहे. मग मोजायची एक की दोन? तिने दादाला विचारलं, दोघांनी ठरवलं की समांतर जोडी म्हणजे एक. मग तिने तो नियम वहीत लिहिला, पहिले १५ आकडे बाद केले, आणि सगळी चित्रं थर एकेक करून, हाताने खुणा करत मोजली. दादाने फायलींची नावं बदलून दिली होती, त्यामुळे कोणतं चित्र कोणत्या गटाचं हे तिला माहीत नव्हतं. आठवड्याने त्यातली १२ चित्रं नव्या नावांनी परत मोजली, आपला आपल्याशी मेळ बसतो का ते बघायला.

आता ओळ पुन्हा लिहू: ‘फळमाशीच्या विंग डिस्कमधल्या पेशीविभाजनावर एका जनुकाचा परिणाम तपासणाऱ्या पीएचडी प्रकल्पात आठ आठवडे साहाय्य. डिस्क काढल्या, तीन गटांतल्या ५४ डिस्कवरच्या विभाजन पावणाऱ्या पेशी, गट माहीत नसताना, हाताने मोजल्या. आपोआप मोजणी रंगाच्या फरकामुळे चुकत असल्याचं लक्षात आल्यावर मोजणीचे नियम पीएचडी विद्यार्थ्याबरोबर ठरवले. १२ चित्रं पुन्हा मोजून फरक तपासला. रंगवणं, कॉन्फोकल आणि सांख्यिकी पीएचडी विद्यार्थ्याची.’

शेवटचं वाक्य घालायला बहुतेक जण घाबरतात. आपणच आपल्याला खाली ओढतोय असं वाटतं. प्रत्यक्षात ज्याने प्रयोगशाळेत दिवस काढले आहेत त्याला आठ आठवड्यांत काय होतं आणि काय होत नाही हे पुरतं ठाऊक असतं. दुसऱ्या वर्षाची मुलगी दोन महिन्यांत माश्यांचा संकर जुळवते, रंगवते, कॉन्फोकल चालवते आणि सांख्यिकीही करते, हे वाचून तो प्रभावित होत नाही, तो कोणता भाग काढून टाकायचा याचा हिशेब करू लागतो. शेवटचं वाक्य लिहिलं की हा हिशेब करायची गरज उरत नाही आणि वरच्या ओळी जशाच्या तशा खऱ्या धरल्या जातात. तंत्रांच्या यादीतही हेच. जे हाताने केलं ते एका बाजूला, जे बघितलं ते ‘परिचय’ म्हणून दुसऱ्या बाजूला. कॉन्फोकल परिचयात गेला तर काही बिघडत नाही.

अर्जासोबतचा निबंध, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, लिहिताना अडचण निराळी. तिथे ओळी नसतात, परिच्छेद असतात, आणि परिच्छेदात ‘आम्ही’ शिरतो. इंग्रजी ‘वी’ फारच सोयीचा शब्द आहे. मराठीत निदान ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत, ऐकणारा आत की बाहेर हे कळतं. बोलणारा किती आत आहे हे मात्र दोन्हींतून कळत नाही. ‘आम्ही जनुक दाबून बघितलं’ या वाक्यात ती मुलगी आहे की नाही? जनुक दाबलेली माशी ती यायच्या दोन वर्षं आधी तयार होती. सोपी शिस्त अशी: प्रश्न आणि आखणी प्रयोगशाळेच्या नावावर लिहावी, ‘प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या गटाला हा प्रश्न पडला होता’ अशी. ‘मी’ फक्त तिथे लिहावा जिथे पुढचं क्रियापद एकटीने केलेलं आहे. आणि ‘आम्ही’ तिथे, जिथे खरोखर दोन डोकी बसून ठरवत होती, जसं समांतर रेघांचं प्रकरण. असं लिहिल्यावर परिच्छेदात ‘मी’ दोन-तीनदाच येतो. येऊ द्या. त्या दोन-तीन ठिकाणी जागा जास्त द्यावी, पंधरा आकडे का बाद केले हे चार वाक्यांत सांगावं, आणि जनुकाचं महत्त्व, कर्करोगाशी नातं वगैरे एका वाक्यात उरकावं. बहुतेक निबंधांत हे प्रमाण उलटं असतं.

पुढे दोन वर्षांनी त्या प्रकल्पाचा पेपर होतो, आणि तिच्या नावाचं काय हा प्रश्न येतो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई, तिचे लेखकपणाचे चार निकष पुष्कळ नियतकालिकं मानतात. आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा तिचं विश्लेषण करण्यात भरीव वाटा. लेख लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग. अंतिम मसुद्याला मान्यता. आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही हवेत. ५४ डिस्कची मोजणी भरीव की नाही यावर प्रयोगशाळा-प्रयोगशाळांत मतभेद होतील. ती मोजणी पेपरच्या मुख्य आकृतीत असेल तर भरीव म्हणायला जागा आहे, आणि मग मसुदा वाचायची संधी तिला मिळायला हवी, हेही त्याच नियमांत आहे. नाही तर आभारात नाव येतं. आभारातल्या नावाला सीव्हीत ‘प्रकाशने’ या मथळ्याखाली जागा नाही. प्रकल्पाच्या ओळीखाली ‘या कामावरच्या पेपरमध्ये आभार’ एवढं लिहावं.

लेखकांत नाव आलं, समजा सहावं, तरी ते काय केल्याबद्दल हे बऱ्याच नियतकालिकांत आता छापलेलं असतं. त्यासाठी क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी आहे: संकल्पना, पद्धत, विश्लेषण, लेखन वगैरे. मोजणी यात ‘इन्व्हेस्टिगेशन’मध्ये, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग करणं आणि माहिती गोळा करणं यात बसते, ‘फॉर्मल अॅनालिसिस’ म्हणजे सांख्यिकी, ती दादाची. सीव्हीत एक आणि पेपरच्या तळाशी दुसरं असं झालं तर तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत. आणि पेपर अजून झालाच नसेल? ‘मसुदा तयार होत आहे’ अशी ओळ प्रकाशनांत घालायचा मोह दांडगा असतो. मसुदा तिने पाहिला नसेल तर ती ओळ दुसऱ्याच्या कपाटातल्या वहीबद्दल आहे. नियतकालिकाकडे पाठवला असेल तर ‘पाठवला’, स्वीकारला असेल तर ‘स्वीकृत’, आणि त्याआधी काहीच नाही.

शिफारसपत्राचा मुद्दा थोडक्यात. पत्र बहुधा मॅडम लिहितात, पण आठ आठवडे त्यांनी तिला फार तर मीटिंगमध्ये पाहिलेलं असतं. तपशील दादाकडून येतात. समितीपुढे अर्ज आणि पत्र शेजारी-शेजारी उघडतात, आणि पत्रात ‘मोजणी नेटकी केली’ आणि अर्जात ‘प्रकल्प राबवला’ असेल तर वाचणारा पत्रावर विश्वास ठेवतो. म्हणून अर्ज पाठवण्याआधी त्या चार ओळी दादाला पाठवाव्यात: ‘दादा, हे असंच झालं होतं ना? काही जास्त लिहिलंय का?’ तो एखादा शब्द कापेल. कधी कधी वाढवेलही, कारण पंधरा आकडे बाद करायला लावणारी शंका तिची होती हे त्याच्या लक्षात असतं आणि तिच्या नसतं. दादाला धाडलेल्या याच निरोपात आणखी एक विचारून घ्यावं: जनुकाचं नाव लिहिलं तर चालेल का? काम छापून आलेलं नसताना ते नाव परदेशातल्या एखाद्या प्रतिस्पर्धी गटाच्या प्रमुखाच्या टेबलावर अर्जातून पोचवणं हा प्रामाणिकपणा नव्हे. ‘पेशीचक्राशी संबंधित एक जनुक’ पुरतं.

मग येते मुलाखत. तिथे लहान वाट्याचीच खरी परीक्षा होते. प्रश्न मोठे नसतात. ‘जनुक डिस्कच्या कोणत्या भागात दाबलं होतं?’ मागच्या कप्प्यात. त्यासाठी एन्ग्रेल्ड जनुकाची कळ वापरली होती, ती फक्त मागच्या कप्प्यात चालते, त्यामुळे त्याच डिस्कचा पुढचा कप्पा तुलनेला मिळतो. ‘मग मागच्या कप्प्यात ठिपके कमी दिसले की झालं?’ नाही. मागचा कप्पा मुळातच पुढच्याहून लहान असतो, तिथे ठिपके कमीच दिसणार. म्हणून ठिपक्यांना क्षेत्रफळाने भागायचं, मागचं आणि पुढचं गुणोत्तर काढायचं, आणि ते जनुक न दाबलेल्या डिस्कच्या गुणोत्तराशी ताडून बघायचं. ही आखणी तिची नाही, पण जे मोजलं ते असंच का मोजलं हे तिला ठाऊक असायला हवं. ‘कळ एन्ग्रेल्डचीच का निवडली, दुसरी का नाही?’ इथे ‘ती निवड मी यायच्या आधीची आहे, कारण मला सांगितलं गेलं ते एवढंच’ हे पूर्ण उत्तर आहे. अंदाज ठोकायला गेलं की पुढचा प्रश्न त्या अंदाजावर येतो.

आणि एक प्रश्न असा, की जो तिलाच विचारता येतो, मॅडमना नाही. ‘नमुने किती?’ ती म्हणते, ५४ डिस्क. हजारो ठिपके मोजले असले तरी नमुना म्हणजे डिस्क, ठिपका नव्हे, एवढं तिने बरोबर सांगितलं. समोरचा विचारतो, ‘५४ डिस्क म्हणजे किती अळ्या?’ एका अळीत डिस्क दोन. दोन्ही घेतल्या असतील तर ते दोन स्वतंत्र नमुने नाहीत, एकाच अळीच्या भुकेचे आणि वयाचे दोन पुरावे आहेत. अळ्या उलट्या तिने केल्या होत्या, डिस्क तिने गोळा केल्या होत्या. म्हणून उत्तरही तिच्याकडेच आहे.

‘बहुतेक अळ्यांच्या दोन्ही डिस्क घेतल्या होत्या, सर. पण कुठली कुठल्या अळीची हे आता सांगता येणार नाही. एका गटाच्या सगळ्या मी एकाच ट्यूबमध्ये टाकत होते.’